गोषवाऱ्यातला आकडा तपशिलात का जुळत नाही

गोषवारा अहवालात एका ओळीला एक आकडा असतो आणि त्या आकड्यामागे शेकडो नोंदी असतात. आकड्यावर क्लिक केले की त्या नोंदींची यादी उघडते. यालाच ड्रिल-डाऊन म्हणतात. यादीच्या तळाशी येणारी बेरीज वरच्या आकड्याइतकीच असायला हवी, कारण ती त्याच आकड्याची फोड असते. पण पुष्कळदा दोन्हींचा मेळ बसत नाही. अशा वेळी बेरीज चुकली असेल किंवा कोणीतरी नोंदीत घोळ घातला असेल, असा पहिला संशय येतो. प्रत्यक्षात दोन्ही अहवाल आपापल्या जागी बरोबर असू शकतात. गोषवारा पाहणाऱ्याने फिल्टर लावून काही नोंदी बाजूला ठेवलेल्या असतात आणि मधल्या लिंकने ती गोष्ट तपशिलाला कळवलेलीच नसते.

एका तालुका दूध संघाचे उदाहरण घेऊ. संघाची गावोगावी संकलन केंद्रे आहेत. केंद्रावर दूध घातले की दर वेळी एक नोंद होते: तारीख, सकाळ की संध्याकाळ, सभासद क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ आणि दूध स्वीकारले की परत केले. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी निघतो. १० नोव्हेंबरला रात्री हिशेबनीस संगणकावर केंद्रवार गोषवारा उघडतो. तारखा आपोआप चालू दहा दिवसांच्या, म्हणजे १ ते १० नोव्हेंबर अशा येतात. गाईच्या दुधाचे बिल आधी काढायचे असल्याने तो प्रकारात ‘गाय’ निवडतो आणि स्थितीत ‘स्वीकृत’. केंद्र क्रमांक १७ समोर ४,८६० लिटर हा आकडा येतो.

सभासदवार फोड पाहण्यासाठी तो त्या आकड्यावर क्लिक करतो. तपशील उघडतो आणि तळाशी ७,९३५ लिटर दिसतात. तब्बल ३,०७५ लिटरचा फरक! बिल थांबते, केंद्राच्या सचिवाला फोन जातो, वही मागवली जाते. वहीत मात्र सगळे ठीक असते.

उत्तर त्या लिंकच्या पत्त्यात असते. आकड्यावर क्लिक केल्यावर ब्राउझर जो पत्ता उघडतो, तो असा होता:

```
/tapshil?kendra=17
```

प्रश्नचिन्हाच्या पुढे जे लिहिले आहे, तेवढेच तपशील अहवालाला कळते. केंद्र १७ हवे, एवढा एकच निरोप इथे पोचला. गाईचेच दूध हवे आणि स्वीकारलेलेच हवे, हे कोणी सांगितलेच नाही. म्हणून तपशिलाने गाईचे, म्हशीचे, स्वीकारलेले, परत केलेले असे सगळे दूध मोजले. तारखाही गेल्या नव्हत्या, पण त्या योगायोगाने जुळल्या, कारण तपशील अहवालसुद्धा आपणहून चालू दहा दिवसच धरतो. हिशेबनिसाने मागच्या दहा दिवसांचा गोषवारा काढला असता, तर तारखाही चुकल्या असत्या. पूर्ण निरोप असा हवा होता:

```
/tapshil?kendra=17&from=2024-11-01&to=2024-11-10&prakar=gay&sthiti=swikrut
```

समोरच्या पडद्यावर इतके स्पष्ट निवडलेले फिल्टर पुढच्या पानाला कसे कळत नाहीत, याचे आश्चर्य वाटते. कारण वेबच्या मूळ घडणीत आहे. ज्या नियमांनी ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात, त्या एचटीटीपीत प्रत्येक मागणी स्वतंत्र असते. आधीच्या पानावर काय निवडले होते याची आठवण त्या नियमांत धरलेली नाही. जे लागेल ते मागणीसोबतच द्यावे लागते, किंवा सर्व्हरने ते कुठेतरी मुद्दाम जपून ठेवावे लागते. गोषवारा बनवताना फिल्टर वापरले गेले आणि आकडे तयार झाले, तिथे त्यांचे काम संपले. लिंक लिहिणाऱ्या प्रोग्रामरने ते उचलून पुढे दिले नाहीत, तर बाकी कोणी देत नाही.

लिंक लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर ओळ असते. ओळ केंद्राची, म्हणून लिंकमध्ये केंद्राचा क्रमांक घातला जातो आणि काम झाल्यासारखे वाटते. पण गोषवाऱ्यातला आकडा हा नुसता ‘केंद्र १७’ कधीच नसतो. तो ‘केंद्र १७, या तारखांत, गाईचे, स्वीकारलेले’ असा असतो. ओळीचे नाव पडद्यावर ठळक दिसते आणि फिल्टर वरच्या पट्टीत राहतात, म्हणून ते आकड्याचाच भाग आहेत हे सुटते.

मग चाचणीत हे सापडत कसे नाही? चाचणी घेणारा गोषवारा उघडतो, काहीही न बदलता एका आकड्यावर क्लिक करतो आणि बेरीज ताडून पाहतो. बेरीज जुळते. गोषवाऱ्याचे आणि तपशिलाचे आपोआप येणारे फिल्टर सारखेच असतात, त्यामुळे लिंकने काही नेले नाही तरी बिघडत नाही. दोष दिसतो तो कोणीतरी एखादा फिल्टर बदलल्यावरच आणि तो बदलणारा पहिला माणूस बहुधा प्रत्यक्ष काम करणारा हिशेबनीस असतो. या प्रकारची तक्रार महिनोन्‌महिने येत नाही आणि मग ऐन बिलाच्या दिवशी येते, ती याच कारणाने.

दोष लिंकचाच आहे की आणखी कशाचा, हे ठरवण्याची कसोटी सोपी आहे आणि तिला प्रोग्रामर लागत नाही. तपशील अहवालात जाऊन गोषवाऱ्यातले फिल्टर हाताने लावायचे. सगळे लावल्यावर बेरीज जुळली, तर लिंक दोषी. तरीही जुळली नाही, तर कारण दुसरीकडे शोधायचे.

केंद्र १७ च्या यादीत ही कसोटी लावून पाहू. तपशिलात प्रकार ‘गाय’ केला की ७,९३५ वरून बेरीज ४,९९५ वर येते, म्हणजे म्हशीचे २,९४० लिटर गळाले. मग स्थिती ‘स्वीकृत’ केली की ४,८६० होतात. परत केलेले गाईचे १३५ लिटर गेले आणि आकडा गोषवाऱ्याशी लिटरला लिटर जुळला. हेच उलट्या क्रमाने केले तर मधले आकडे बदलतात. आधी ‘स्वीकृत’ लावले तर १९५ लिटर कमी होऊन ७,७४० उरतात आणि त्यानंतर ‘गाय’ लावल्यावर २,८८० लिटर जातात. परत केलेले म्हशीचे ६० लिटर दोन्ही फिल्टरांत सापडतात आणि जो फिल्टर आधी लागेल त्याच्या खात्यात पडतात. म्हणून ‘म्हशीमुळे किती फरक पडला’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. एकूण फरक मात्र कोणत्याही क्रमाने ३,०७५ च राहतो. दोन माणसांनी वेगवेगळ्या क्रमाने तपासणी केली आणि त्यांचे मधले आकडे जुळले नाहीत, म्हणून कोणी चुकले असे समजण्याचे कारण नाही.

बेरीज न करताही खूण सापडते. यादीतली एखादी ओळ नीट वाचावी: २ नोव्हेंबर, सकाळ, सभासद ११२, ७.५ लिटर, फॅट ६.८. तपशिलात प्रकाराचा रकानाच नसेल, तरी दूध ओळखणाऱ्या माणसाला हे फॅट गाईचे नव्हे हे लगेच कळते. गाईचे फॅट साधारण साडेतीन-चारच्या आसपास असते, म्हशीचे सहा-सातच्या घरात. गोषवाऱ्यात जी नोंद मोजलीच जायला नको होती, अशी एक ओळ जरी यादीत दिसली तरी फिल्टर पोचलेला नाही हे सिद्ध होते.

फरक दर वेळी इतका मोठा आणि एकाच बाजूचा असतो असे नाही. प्रकार पोचला नाही तर तपशिलाची बेरीज फुगते. तारखा पोचल्या नाहीत आणि तपशील आपणहून फक्त गेले सात दिवस दाखवत असेल, तर बेरीज आटते. दोन्ही एकाच वेळी घडले, तर फुगणे आणि आटणे एकमेकांना झाकू शकतात. दुसऱ्या एका केंद्राचा गोषवारा दहा दिवसांचे गाईचे ३,१२० लिटर दाखवतो, असे धरू. तपशिलात सात दिवसांचे गाईचे २,१८४ आणि म्हशीचे ९५१ लिटर मिळून ३,१३५ येतात. फरक फक्त १५ लिटरचा. पाहणाऱ्याला वाटते, कोणाच्या तरी हातून एखादी नोंद जास्त पडली असेल, आणि तो १५ लिटर शोधत बसतो. खरे तर तीन दिवसांचे दूध यादीत नाही आणि साडेनऊशे लिटर परके दूध यादीत आहे. मोठा फरक निदान थांबायला लावतो. किरकोळ फरक चालून जातो, म्हणून तो जास्त घातक.

अहवाल बनवण्याच्या तयार साधनांत ही गोष्ट कशी हाताळली आहे, ते पाहण्यासारखे आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेसमध्ये आकड्याला `Go to report` ही क्रिया जोडता येते. तिथे तपशील अहवालाचा प्रत्येक पॅरामीटर आणि त्यात घालायची किंमत यांची जोडी हाताने लावावी लागते. एखादी जोडी राहिली तर तपशील अहवाल त्या पॅरामीटरची स्वतःची ठरलेली किंमत वापरतो आणि काही चुकल्याचे सांगत नाही. तशी ठरलेली किंमत नसेल, तर निदान निवड करा म्हणून तो थांबतो. इथे ठरलेली किंमत नसणेच जास्त सुरक्षित, कारण पोकळी दिसते तरी.

याच साधनात आणखी एक खोड आहे. एका फिल्टरमध्ये अनेक किमती निवडायची सोय असेल आणि सूत्र लिहिण्याच्या खिडकीत त्या पॅरामीटरच्या नावावर दोनदा क्लिक केले, तर सूत्र असे उमटते:

```
=Parameters!Sthiti.Value(0)
```

शेवटचा शून्य म्हणजे निवडलेल्यांपैकी फक्त पहिली किंमत. वापरणाऱ्याने ‘स्वीकृत’ आणि ‘तपासणीत’ अशा दोन स्थिती निवडल्या असतील, तर तपशिलाला एकटी ‘स्वीकृत’ मिळते. सगळ्या किमती न्यायच्या असतील तर कंसासह शून्य काढून टाकावे लागते:

```
=Parameters!Sthiti.Value
```

फिल्टर गेला तर आहे, पण अर्धाच गेला, असा हा प्रकार. पत्ता पाहणाऱ्याला त्यात स्थितीचे नाव दिसते, म्हणून तो समाधानाने पुढे जातो. त्यामुळे फिल्टरचे नाव पाहून थांबू नये, किंमतही वाचावी.

पॉवर बीआयने उलटी वाट धरली आहे. तिथे तपशिलाच्या पानाला `Keep all filters` नावाची कळ असते आणि ती मुळात चालूच असते, त्यामुळे लागलेले सगळे फिल्टर पुढे जातात. कोणी ती बंद केली की फक्त क्लिक केलेल्या ओळीचा संदर्भ जातो आणि दूध संघातला घोळ जसाच्या तसा उभा राहतो. विसरले तरी बेरीज बरोबर यावी, ही मांडणी चांगली. विसरले की बेरीज चुकावी, अशी मांडणी ठेवून माणसाच्या स्मरणशक्तीवर हिशेब सोपवणे योग्य नाही.

स्वतः लिहिलेल्या वेब अहवालात नावांचा गोंधळही होतो. गोषवारा `sthiti` पाठवतो आणि तपशील `status` या नावाची वाट पाहतो. बहुतेक वेब पाने अनोळखी नाव मुकाट्याने सोडून देतात. पत्त्यात फिल्टर दिसतो, पण लागत नाही. रिपोर्टिंग सर्व्हिसेस या बाबतीत कडक आहे: अहवालात नसलेला पॅरामीटर पाठवला तर ते सरळ चूक दाखवून थांबते. स्वतःचा तपशील अहवाल लिहितानाही न ओळखलेले नाव आले तर थांबावे आणि तसे सांगावे, हेच बरे.

काही फिल्टर तर पट्टीत दिसतच नाहीत. गोषवाऱ्याच्या क्वेरीत कोणीतरी पूर्वी कायमची अट घातलेली असते, उदाहरणार्थ संघाच्या स्वतःच्या गोठ्याचे दूध मोजू नये. ती पॅरामीटर नसल्याने लिंक कितीही नीट लिहिली तरी ती पुढे जाऊ शकत नाही. वरच्या कसोटीत दिसणारे सगळे फिल्टर हाताने लावूनही फरक उरला आणि उरलेल्या नोंदी एकाच जातीच्या निघाल्या, तर अशी लपलेली अट असण्याची शक्यता मोठी. उपाय हाच की ती अट दोन्ही अहवालांच्या खाली, एकाच सामाईक क्वेरीत ठेवावी.

उरलेला फरक सगळा शेवटच्या दिवसाचा असेल, तर ते दुसरे दुखणे. तपशिलात ‘१० नोव्हेंबरपर्यंत’ याचा अर्थ १० तारखेची मध्यरात्र सुरू होते तिथपर्यंत असा लावला गेला असेल, तर दहाव्या दिवसाचे सगळे दूध सुटते. आणि तीच नोंद दोन-दोनदा दिसत असेल, तर तपशिलात जोडलेल्या एखाद्या दुसऱ्या तक्त्यात त्या सभासदाच्या दोन ओळी आहेत. या दोन्ही चुकांत लिंकचा काही संबंध नाही.

रिकाम्या किमतीची गोष्ट मात्र लिंकचीच आहे. काही नोंदींत दुधाचा प्रकार भरायचा राहिलेला असतो. प्रकारवार गोषवाऱ्यात त्यांची ‘न नोंदवलेले’ अशी वेगळी ओळ येते, समजा ४० लिटर. तिच्यावर क्लिक केले की लिंक `prakar=` अशी, बरोबरच्या चिन्हापुढे काहीच नसलेली जाते. तपशील त्याचा अर्थ ‘प्रकाराचा फिल्टर लावलेला नाही’ असा घेतो आणि हजारो लिटर दाखवतो. दुसऱ्या प्रकारे लिहिले असेल तर क्वेरीत अशी अट पडते:

```
WHERE prakar = NULL
```

एसक्यूएलच्या नियमानुसार ही अट कधीच खरी ठरत नाही, त्यामुळे यादी कोरी येते. बरोबर अट `IS NULL` अशी लिहावी लागते आणि ‘रिकामे’ व ‘सगळे’ यांना लिंकमध्ये दोन वेगळ्या खुणा द्याव्या लागतात.

दुरुस्ती करताना प्रत्येक लिंकमध्ये एकेक फिल्टर हाताने चिकटवत जाण्याचा मोह होतो. आज चार फिल्टर जोडले तरी सहा महिन्यांनी गोषवाऱ्यात ‘सत्र’ हा पाचवा फिल्टर येतो आणि लिंक पुन्हा एका फिल्टरने मागे पडते. त्यापेक्षा लिंक बनवण्याचे काम एकाच ठिकाणी असावे. तिथे आधी लागू असलेले सगळे फिल्टर जसेच्या तसे घ्यायचे आणि त्यावर क्लिक केलेल्या ओळीची किंमत बसवायची. हा क्रम महत्त्वाचा आहे. हिशेबनिसाने फिल्टरमध्ये केंद्र १५, १६ आणि १७ निवडले असतील आणि १७ च्या ओळीवर क्लिक केले असेल, तर तपशिलाला एकटे १७ मिळायला हवे. क्रम उलटला तर तिन्ही केंद्रांचे दूध एका ओळीच्या नावावर येईल.

फिल्टर पत्त्यातून न नेता सर्व्हरवरच्या सेशनमध्ये जपून ठेवण्याची युक्तीही काही जण करतात. एकाच टॅबमध्ये काम करणाऱ्याला ती चालते. हिशेबनिसाने एका टॅबमध्ये गाईचा आणि दुसऱ्यात म्हशीचा गोषवारा उघडला की शेवटी उघडलेल्याचे फिल्टर आधीच्यांवर चढतात आणि गाईच्या आकड्यावर क्लिक केल्यावर म्हशीची यादी येते. तीच लिंक व्यवस्थापकाला पाठवली तर त्याला त्याच्या सेशनमधले फिल्टर लागतात आणि दोघे एकच लिंक उघडून दोन वेगळ्या बेरजांवर वाद घालतात. पत्त्यात फिल्टर असले की हे दोन्ही टळते.

पत्त्यालाही मर्यादा आहे. आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये प्रश्नचिन्हापुढचा भाग मुळात २,०४८ बाइटपर्यंतच चालतो. तीनशे केंद्रे एकेक करून निवडली तर तेवढ्यात ती बसत नाहीत. तेव्हा निवडलेल्या फिल्टरांचा संच सर्व्हरवर एका क्रमांकाखाली साठवून तो क्रमांक पत्त्यातून पाठवतात. संच एकदा साठवल्यावर बदलायचा नाही, एवढे पाळले तर सेशनची अडचण इथे येत नाही.

तपशील अहवालाच्या माथ्यावर लागू असलेले फिल्टर छापणे हे साधे काम आहे आणि ते बहुतेक ठिकाणी राहून जाते. केंद्र १७ च्या त्या यादीवर ‘प्रकार: सर्व, स्थिती: सर्व’ असे लिहिलेले असते, तर हिशेबनिसाला फरकाचे कारण पहिल्या नजरेत कळले असते आणि सचिवाला फोन गेला नसता. छापील प्रतीवरही ही ओळ यायला हवी, कारण कागद फाइलला लागल्यावर पत्ता पाहता येत नाही.

चाचणीही त्याच धर्तीवर बदलावी लागते. प्रत्येक फिल्टरला त्याच्या ठरलेल्या किमतीपेक्षा वेगळी किंमत द्यायची, गोषवाऱ्यातल्या प्रत्येक ओळीची लिंक उघडायची आणि तपशिलाची बेरीज त्या आकड्याशी ताडायची. ‘न नोंदवलेले’ ही ओळ आणि तळाची एकूण बेरीज यांवरही क्लिक करून पाहायचे. हे काम प्रोग्रामकडून रोज रात्री करून घेता येते.

हे सगळे नीट केल्यावरही एक फरक उरू शकतो. हिशेबनिसाने संध्याकाळी सात वाजता गोषवारा काढला आणि सव्वासातला आकड्यावर क्लिक केले, त्या पंधरा मिनिटांत केंद्रावर आणखी सहा सभासदांचे दूध आले, तर तपशिलाची बेरीज जास्त येणारच. इथे फिल्टर पोचलेले आहेत, नोंदीच वाढल्या आहेत. अशा वेळी गोषवारा पुन्हा ताजा केला की दोन्ही आकडे जुळतात आणि त्यावरूनच हा फरक ओळखता येतो. बिलासाठी तो चालणार नसेल, तर गोषवारा निघाला ती वेळही लिंकमधून पाठवावी आणि तपशिलाने त्या वेळेपर्यंत झालेल्या नोंदीच मोजाव्यात. त्यासाठी प्रत्येक नोंद कधी केली याची वेळ साठवलेली असावी लागते. जुनी नोंद नंतर दुरुस्त होत असेल, तर तिचे आधीचे रूपही ठेवावे लागते. ते ठेवलेले नसेल, तर सात वाजताचा आकडा पुन्हा जसाच्या तसा उभा करता येत नाही.